पगार झाला की खाडे वाढतात, बक्षीस ठेवलं तरी फरक नाही – आमच्या प्रेस शॉपमध्ये काय सापडलं आणि काय बदललं

वाळूज एमआयडीसीत एका छोट्या वेंडर कंपनीत मी प्रॉडक्शन बघतो, गाड्यांचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प मारतो आम्ही. पोरं ४८, बहुतेक ठेकेदाराच्या नावावर. पगार किमान वेतनाच्या आसपास, साधारण ५०० रुपये रोज पडतो, वर्षातून दोनदा महागाईचा विशेष भत्ता बदलतो तेवढीच काय ती वाढ. प्रमोशनचं तर बोलूच नका, सुपरवायझरच्या जागा दोन आहेत आणि दोन्ही माणसं चाळिशीतली आहेत, म्हणजे पुढची पंधरा वर्षं ती खुर्ची काही रिकामी होत नाही. हे पोरांनाही माहितीये.

प्रॉब्लेम असा की दर महिन्याला ७ तारखेला पगार झाला की ८ ते ११ मध्ये खाडे वाढायचे, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा. मधले दिवस ठीक. आले तरी शेवटच्या दोन तासात मशीनवर नुसती माणसं उभी, टारगेट झालं की हात थांबले. मालकाचं म्हणणं, पोरांना मोटिव्हेशन नाही. मग आम्ही ते सगळं केलं जे सगळे करतात. महिन्याचा उत्तम कामगार, फोटो फ्रेम करून गेटवर लावला, पहिल्या महिन्यात टाळ्या वाजल्या, तिसऱ्या महिन्यात ज्याचा फोटो लागला त्यानंच येऊन सांगितलं की साहेब काढा तो, पोरं मला 'मालकाचा जावई' म्हणून चिडवतात. एक ट्रेनरही बोलावला होता, दोन तास बोलला, त्या दोन तासाचं प्रॉडक्शन मात्र रविवारी भरून काढावं लागलं.

आधी शोधा, मग बक्षीस ठेवा

ज्याच्यामुळं खरं काय ते कळलं ते काम फुकटातलं आहे. तीन महिन्यांचं मस्टर घ्या, एका मोठ्या कागदावर आडव्या तारखा आणि उभी नावं लिहा, प्रत्येक खाड्याला लाल टिंब द्या. एक्सेलमध्येही होतं पण भिंतीवर लावलेल्या कागदावर जे दिसतं ते स्क्रीनवर दिसत नाही, निदान मला तरी नाही दिसलं. आणि टिंबाच्या शेजारी एक बारीक खूण करा, आधी सांगून मारलेला खाडा की न सांगता मारलेला. सांगून असेल तर लाइन आधीच लावता येते, न सांगता असेल तर सकाळी सात वाजता तुम्ही फोन फिरवत बसता. दुखणं न सांगितलेल्यातच असतं.

आम्हाला त्या कागदावर तीन गोष्टी दिसल्या. पहिली, ८ ते ११ चे खाडे हे आळसाचे नव्हते. पोरं गंगापूर, वैजापूर, पैठण, अंबड भागातली, रांजणगाव नाहीतर बजाजनगरला खोली करून राहतात, पगार झाला की गावाकडं जाऊन घरी पैसे देणं, किराणा दुकानाची उधारी मिटवणं, आईचं औषध, हे सगळं त्या तीन-चार दिवसात असतं. दुसरी, काही पोरांचे खाडे ठराविक अंतरानं पडत होते आणि ते कशाला ते मला आठवडाभर उमगलं नाही. शेवटी एकाला विचारलं तर म्हणला, "साहेब, नळ येतो त्या दिवशी. बायको एकटी सात मजल्यावानी जिना चढून ड्रम भरंल का? दोन खोल्यांत मिळून आठ ड्रम भरावे लागतेत." आपल्या भागात पाणी रोज येत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी मस्टर बघताना ते डोक्यात आणलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिचा दोष आमचाच.

६०० रुपयांचा सापळा

आमच्याकडं पूर्ण हजेरीचं ६०० रुपये बक्षीस होतं. महिन्यात एकही खाडा नाही तर ६००, एक जरी पडला तर शून्य. ऐकायला बरोबर वाटतं ना. आता कागदावर बघा. ज्या पोरांचा पहिला खाडा १० तारखेच्या आत पडला, त्यांचे उरलेल्या महिन्यात अजून तीन-तीन खाडे होते. ज्यांचा २० तारखेपर्यंत एकही नव्हता त्यांचे शेवटपर्यंत जेमतेम एखादा. सरळ आहे, ८ तारखेला गावाकडं गेला तिथंच ६०० गेले, मग २३ ला यायचं कशासाठी? बक्षीस त्याच्यासाठी त्या महिन्यापुरतं मेलं. म्हणजे ज्या पोरांसाठी बक्षीस ठेवलं होतं त्यांच्यावरच ते महिन्याचे तीन आठवडे चालत नव्हतं, आणि ज्या १४ जणांना मिळत होतं ती पोरं तशीही रोज येणारीच होती.

उलट बाजूही आहे. ६०० जाऊ नयेत म्हणून एक जण अंगात ताप असताना प्रेसवर उभा राहिला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. प्रेसवर झोप आलेला माणूस म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. त्यामुळं आता ईएसआयसीच्या डॉक्टरचा कागद असला तर तो खाडा बक्षिसाच्या हिशोबात धरायचा नाही हे पहिलं ठरवलं.

मग ते ६०० फोडले. १ ते ७, ८ ते १४, १५ ते २१ आणि २२ ते महिनाअखेर असे चार आठवडे, प्रत्येक स्वच्छ आठवड्याला १००, आणि चारही स्वच्छ असतील तर वर २००. म्हणजे जो आधी ६०० घेत होता त्याचा एक रुपया कमी होत नाही, हे लई महत्त्वाचं, कमी केलं असतं तर चांगली १४ पोरंच आधी बिघडली असती. आणि ८ तारखेला गावाकडं गेलेल्याला १५ पासून परत खेळायला मिळतं.

मालकानं अर्थातच विचारलं, खर्च किती. आधी १४ जणांचे ८,४०० जात होते. तीन महिन्यांनंतर १७ जण पूर्ण हजेरीवाले झाले, त्यांचे १०,२००, बाकी ३१ जणांना सरासरी दोन आठवड्यांचे २०० धरले तर ६,२००, एकूण १६,४००. म्हणजे ८,००० जास्त. आता दुसरीकडं, महिन्याला ११२ खाडे पडत होते ते ८४ वर आले, २८ कमी झाले. त्यातले निम्मे आधी आम्ही कुणाला तरी ओटीला थांबवून भरून काढायचो, ओटी दुप्पट दरानं, म्हणजे १,००० द्यायचे आणि गैरहजर माणसाचे ५०० वाचायचे, एका खाड्याला ५०० चा फटका. १४ खाड्यांचे ७,००० वाचले. थोडक्यात मालकाच्या खिशातून महिन्याला हजार रुपये जास्त गेले, आणि सकाळची फोनाफोनी निम्म्यावर आली. मी काही जादूचा आकडा सांगत नाही, तुमचा हिशोब तुमच्या मस्टरवर करून बघा, ओटीनं भरून काढतच नसाल तर हे गणित बसणार नाही.

एक सावधगिरी, हे बक्षीस किमान वेतनाच्या वर असलं पाहिजे. काही ठिकाणी किमान वेतनातलाच तुकडा काढून त्याला 'हजेरी भत्ता' नाव देतात आणि खाडा पडला की कापतात, ते सरळ बेकायदेशीर आहे आणि पोरांना ते समजत नाही असं समजू नका. ठेकेदाराची माणसं असतील तर त्याच्या स्लिपवर हे वेगळ्या ओळीत दिसू द्या.

स्लिपवरून आठवलं, फेब्रुवारीत हमखास एक भांडण होतं. व्यवसाय कर दर महिन्याला २०० कापतो आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० व्हावेत म्हणून. पोरगं बघतं की १०० कमी आले, ठेकेदारानं खाल्ले असं समजतं, आणि चार दिवस लाइन तोंड फुगवून बसते. जानेवारीअखेरीस बोर्डवर एक ओळ लिहायची, बस्स. (बायकांना २५,००० पगारापर्यंत हा कर नाही, तो कापला जात असेल तर लगेच बघा.)

खरी चीड वेळेची होती

बक्षीस फोडून अर्धाच प्रश्न सुटला. शेवटच्या दोन तासातली मरगळ तशीच होती. ती कुठून येते ते एका दुपारी कळलं. फर्स्ट शिफ्ट सात ते साडेतीन. तीन वाजून दहा मिनिटांनी सुपरवायझर लाइनवर येऊन म्हणला, "थांबा रे चार जण, गाडी भरायचीये." ज्यांना थांबवलं त्यातल्या एकाची पावणेचारची एसटी होती. तो काही बोलला नाही. पण मी बघत होतो, त्यानं ग्लोव्ह काढले, मशीनवर आपटले, परत घातले, आणि मग तासाला १८० पीस मारणारा माणूस ९० मारत राहिला. ओटीचे पैसे दुप्पट मिळतात तरी.

नंतर चहाच्या टपरीवर तोच म्हणला, "पैशाचं नाही सर. उद्या मही शिफ्ट कोणती हेच मला माहीत नसतं. रोजंदारीवर जाणाऱ्याला तरी सांजच्याला कळतं उद्या कुठं जायाचं. इथं कामून मन लागंल?"

पोरं टारगेट झालं की हात का थांबवतात तेही इथंच आहे. लवकर संपवलं तर घरी सोडत नाहीत, दुसऱ्या मशीनवर लावतात. मग कोण मूर्ख लवकर संपवेल.

म्हणून आम्ही पैशाला हात न लावता वेळेला हात घातला. तीन नियम केले आणि ते मोडायचे नाहीत असं सुपरवायझरांकडून कबूल करून घेतलं, तेच सगळ्यात अवघड गेलं कारण ऐन वेळेला माणूस थांबवता येणं हीच त्यांची ताकद होती. शिफ्टचा रोस्टर दोन आठवडे आधी बोर्डवर लागेल. ओटीची गरज असेल तर दुपारी बाराच्या आत यादी लावायची, ज्याला थांबायचंय त्यानं नाव लिहायचं, बारा नंतर कुणालाही नाही म्हणायचा हक्क आहे आणि त्याचा राग पुढच्या रोस्टरमध्ये काढायचा नाही. आणि तिसरा, बदलीची वही. दोन पोरं आपापसात शिफ्ट बदलू शकतात, आदल्या दिवशी दोघांच्या सह्या झाल्या की झालं, माझी परवानगी लागत नाही. अट एवढीच की एकाच मशीनवर दोघांचा हात बसलेला पाहिजे, आणि सलग दोन शिफ्ट कुणाच्या वाट्याला यायला नकोत.

बदलीची वही महिन्याभरात भरली. नळाचा दिवस, पोराचं शाळेत नाव घालायचं, सासरवाडीचा जागरण-गोंधळ, सगळं तिच्यात. नळवाल्यांचे खाडे जवळजवळ संपले, कारण सकाळी पाणी येणार असेल तर तो सेकंड शिफ्टवाल्याबरोबर बदलतो.

पण वहीनं एक नवीन अडचण पुढं आणली. काही मशीनवर बदलीला माणूसच नव्हता. ६३ टनी प्रेसवर एक जण, ज्याला सगळे मामा म्हणतात, नऊ वर्षं एकटाच. त्याला बदली मिळेना. आणि इथून पुढं जे झालं ते मला आधीच करायला पाहिजे होतं.

मामा आणि चार पावांचा गोल

मामाची पोस्ट कागदावर 'ऑपरेटर', पगार दोन वर्षं झालेल्या पोरापेक्षा जेमतेम जास्त. पण हा माणूस डायचा आवाज ऐकून सांगतो की बर, म्हणजे पीसच्या कडेला धारदार कंगोरा, यायला लागलाय, पीस गेजला लावायच्या आधी. मी एकदा मुद्दाम तपासलं, तो म्हणला "आता तीस-चाळीस पीसमध्ये कडा धरंल", आणि सदतिसाव्या पीसला बोटाला बर लागला. ही गोष्ट कुठंही लिहिलेली नव्हती. त्याचं प्रमोशन माझ्या हातात नाही, पगारही नाही, पण त्याला येतं ते कुठं तरी मोजलं जात नव्हतं हे माझ्या हातात होतं.

स्किल मॅट्रिक्स बहुतेक कंपन्यांत असतो, ऑडिटरला दाखवायला. नावं एका बाजूला, मशीन वर, आणि प्रत्येक खणात एक गोल चार पावात कापलेला. एक पाव भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणी शेजारी असेल तर चालवतो, तीन म्हणजे एकटा, क्वालिटी आणि टारगेट दोन्ही सांभाळून, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आमच्याकडचा ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला होता, सुपरवायझरनं अंदाजानं, आणि मामाला दोनच पाव होते. त्यानं तो बोर्ड बघितला तेव्हा काही बोलला नाही, डबा उचलून बाहेर झाडाखाली जाऊन जेवला. त्या दिवशी मला वाटलं की हा बोर्ड नसता तर बरं झालं असतं. चुकीचा भरलेला मॅट्रिक्स नसलेल्यापेक्षा वाईट.

परत भरला तो माणसासमोर, मशीनवर. तीन पाव पाहिजेत तर एक पूर्ण शिफ्ट एकट्यानं, पहिला पीस स्वतः गेजनं तपासून, रिजेक्शन ठरलेल्या हद्दीत. चार पाव पाहिजेत तर एका नवीन पोराला तीन पावापर्यंत आणून दाखवायचं. कुणाला पटलं नाही तर परत मागायचं, नाव कापायचं नाही. महिन्यातून एकदा, बस्स.

इथं दोन ठिकाणी घसरलो, तुम्ही घसरू नका म्हणून सांगतो. एक, मामाकडं शिकायला पोरगं दिलं पण त्याचं टारगेट कमी केलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं पोराला हाकललं. बरोबरच होतं त्याचं, शिकवायचं म्हणजे हात थांबतो. आता शिकवण्याचे पहिले तीन दिवस त्या मशीनचं टारगेट ७० टक्के धरतो. दोन, ज्याला चार मशीन येतात त्याला आम्ही रोज जिथं खाडा पडेल तिथं फेकायला लागलो. सहा आठवड्यात एका हुशार पोरानं येऊन सांगितलं, "माझे दोन मशीनचे पाव पुसून टाका." शिकलं की राबवून घेतात आणि पगार तोच, मग कोण शिकेल?

त्याला पैसा देता येत नव्हता, म्हणून वेळ दिला. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त हलवायचं नाही. आणि ज्याचे तीन मशीनवर चार-चार पाव भरलेत तो रोस्टर लागायच्या आधी आपली शिफ्ट आणि साप्ताहिक सुट्टी पहिल्यांदा निवडतो, मग दोनवाले, मग बाकीचे. बाहेरच्या माणसाला हे फालतू वाटेल. पण ज्याची बायको दवाखान्यात सेकंड शिफ्ट करते त्याला विचारा फर्स्ट शिफ्ट निवडता येण्याची किंमत काय. पाच महिन्यात ६३ टनी प्रेसवर तीन पाववाले तिघं झाले आणि मामानं नऊ वर्षांत पहिल्यांदा बदलीच्या वहीत सही केली, पंढरपूरला जायला. विठ्ठलाच्या पंढरपूरला, आपल्या वाळूजजवळच्या नाही.

चालतंय की नाही ते कसं ओळखायचं

प्रॉडक्शनचा आकडा बघू नका, तो डाय, मटेरियल आणि ऑर्डरवर हलतो, त्यातून माणसाचं काही कळत नाही. मी तीनच गोष्टी बघतो. न सांगता पडलेले खाडे किती, बदलीच्या वहीत सह्या किती, आणि महिन्यातला पहिला खाडा सरासरी कितव्या तारखेला पडतो. वही अचानक रिकामी व्हायला लागली तर समजायचं की कुणीतरी सुपरवायझर परत परवानगीचा खेळ खेळायला लागलाय. आमच्याकडं दोनदा झालं.

याच्या मर्यादाही आहेत. शेजारच्या कंपनीत रोजाला ५० रुपये जास्त मिळत असतील तर पोरगं जातं, आणि जावंच, ते या उपायांनी थांबत नाही. आमची या वर्षी सहा पोरं गेली. ज्याची ओटी सहा महिने दुप्पट दरानं मिळालेली नाही, पीएफ भरलेला नाही, त्याच्यापुढं रोस्टरचा बोर्ड लावून काही होणार नाही, आधी ते.

आणि शेतीचे दोन हंगाम मला अजून नीट जमलेले नाहीत. ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीनची काढणी आणि दिवाळी मागंपुढं येते, तिथं आम्ही दोन तुकड्या केल्या, अर्ध्यांनी काढणीला सहा दिवस, अर्ध्यांनी दिवाळीला, कुणी कशाला ते त्यांनीच चिठ्ठ्या टाकून ठरवलं, बऱ्यापैकी चाललं. जूनचं मात्र अवघड आहे. मृगाचा पाऊस कधी पडेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि पडला की दोन दिवसात सरकी लावावी लागते, दोन आठवडे आधी कोण काय सांगणार. त्यामुळं जूनचा रोस्टर मी पेननं लिहीत नाही, पेन्सिल ठेवतो आणि खोडरबर दोरीनं बोर्डलाच बांधलाय.